ऐकीव आणि पाहिलेलं

परवा माळ्यावरून एक खोका काढला. वर स्केच पेनने 'एल.एल.एम. - फेकू नये' असं लिहिलेलं. आत झेरॉक्सचे गठ्ठे, दोन वह्या आणि एक जाडजूड खातेवही. खातेवही उघडली आणि ती २०२० सालची उन्हाळ्याची दुपार जशीच्या तशी आठवली. बाहेर भंडाऱ्याचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी फरशीवर सगळे कागद पसरून बसलेली. म्हटलं लिहूनच टाकावं एकदा.

लग्न, मुलगा वगैरे झाल्यावर, वकिलीला सात वर्षं विश्रांती देऊन मी एल.एल.एम.ला नाव घातलं. भंडारा ते नागपूर, एसटीने साठेक किलोमीटर. विषय प्रशासकीय कायदा. लघुप्रबंधासाठी मी घेतलं होतं: भूसंपादनातली सरकारी दिरंगाई आणि तिचे कायदेशीर परिणाम. हा विषय आमच्या जिल्ह्यात पुस्तकात शोधावा लागत नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि पवनी तालुक्यातला माणूस अजूनही वर्षं मोजताना 'नोटीस आली त्या साली' असं मोजतो.

पण मला विषय सुचला तो मामाजींमुळे. आईचे थोरले भाऊ. त्यांची सहा एकर धानाची जमीन एका प्रकल्पात गेली. (कुठल्या, ते इथे लिहीत नाही.) निवाडा झाला २००६ साली, ताब्याचा पंचनामा २००७ साली. पण धाकट्या मामाशी हिश्शावरून वाद होता, म्हणून मोबदला कोणीच उचलला नाही. रक्कम सरकारी कोषागारात पडून राहिली.

२०१९ च्या दिवाळीत मी माहेरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामाजी अंगणात खाट टाकून बसले होते. म्हणाले, "पोरी, तू आता मोठ्या कायद्याचं शिकून राहिली. सांग बरं, आपली जमीन वापस भेटते का?"

आणि मी सांगितलं, "भेटू शकते मामाजी. फक्त तो पैसा उचलू नका."

हे मी उगाच नाही सांगितलं. तेव्हा माझा 'साहित्याचा आढावा' म्हणजे लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण अर्धं लिहून झालं होतं. त्यात तेवीस लेख आणि पुस्तकातली प्रकरणं होती, आणि त्यातले बहुतेक लेखक एकाच सुरात बोलत होते.

तो सूर काय होता ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात कलम २४(२) आहे. जुन्या कायद्याखाली निवाडा होऊन पाच किंवा जास्त वर्षं झाली असतील, पण प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल 'किंवा' मोबदला दिला नसेल, तर ते संपादनच संपुष्टात आलं असं समजायचं. आता 'दिला' म्हणजे काय? २४ जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसिरीमल सोळंकी या खटल्यात उत्तर दिलं. पुण्यात वन उद्यानासाठी जमीन घेतली होती, निवाडा जानेवारी २००८ चा, पैसे सरकारी कोषागारात ठेवलेले. न्यायालय म्हणालं, कोषागारात ठेवणं म्हणजे देणं नव्हे. मालक घेत नसेल किंवा हिश्शाचा वाद असेल, तर जुन्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे रक्कम कोर्टात जमा करायला हवी होती. केली नाही, म्हणून संपादन संपलं.

मामाजींची गोष्ट तंतोतंत हीच. हिश्शाचा वाद, कोषागार, निवाड्याला पाच वर्षं कधीच उलटलेली. मला तर वाटलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने आमच्या मामाजींना समोर बसवूनच निकाल लिहिलाय!

आता माझी नोंद ठेवण्याची पद्धत ऐका. झेरॉक्स काढायची, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवायचा, आणि वहीत लिहायचं: 'अमुक लेखक म्हणतात की मोबदला कोर्टात जमा करणं आवश्यक.' खाली दुसरा लेखक, तेच. खाली तिसरा. मग प्रकरणात लिहिताना 'बहुसंख्य अभ्यासकांचे मत असे की...' माझ्या गाइड मॅडमनी ते वाचलं आणि समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'यातले किती जण एकमेकांचंच सांगत आहेत?' मला तो शेरा खवचट वाटला. मी तो तसाच सोडून दिला.

६ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल. कलम २४(२) मधला 'किंवा' हा 'आणि' सारखा वाचायचा. म्हणजे ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, असं दोन्ही असेल तरच संपादन संपणार. एक जरी झालं असेल तरी नाही. कोर्टात रक्कम जमा केली नाही एवढ्याने संपादन संपत नाही. आणि पंचनामा करून घेतलेला ताबा हा ताबाच. पुण्याचा निकाल रद्दबातल, आणि तो धरून दिलेले बाकीचे सगळे निकालही रद्दबातल.

एका वाक्यात अख्खं कुटुंब गेलं.

तीन आठवड्यांच्या आत टाळेबंदी लागली. ग्रंथालय बंद, एसटी बंद. मी घरात, आणि सोबत पिवळ्या रंगाने माखलेले गठ्ठे. मला एवढंच ठरवायचं होतं की माझ्या तेवीस नोंदींपैकी कुठल्या कोसळल्या आणि कुठल्या उभ्या आहेत. आणि मला ते ठरवता येईना! कारण वहीत लेखक काय म्हणतो ते होतं, तो ते कशाच्या आधारावर म्हणतो ते कुठेच नव्हतं.

त्याहून वाईट पुढे होतं. दुसरी वही चाळताना मागच्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ सापडली. 'इंदूर वि. प्रा. वि. शैलेंद्र, फेब्रु. २०१८ - २:१ - बघणे.' बघणे! कुठल्या तरी बातमीतून टिपून ठेवलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं. ८ फेब्रुवारी २०१८ ला तीन न्यायमूर्तींच्या दुसऱ्या पीठाने, दोन विरुद्ध एक अशा मताने, पुण्याचा निकाल आवश्यक कायदेशीर बाबी लक्षात न घेता दिला गेला असं म्हटलं होतं. त्याच महिन्यात तिसऱ्या पीठाने, तीनच न्यायमूर्तींनी दुसऱ्या तीन न्यायमूर्तींचा निकाल असा बाजूला सारता येतो का, हा प्रश्न उपस्थित केला आणि उच्च न्यायालयांना अशी प्रकरणं तूर्त थांबवायला सांगितलं. मग सगळं घटनापीठाकडे गेलं. म्हणजे मी अंगणात बसून मामाजींना 'भेटू शकते' सांगत होते, तेव्हा कायदा दीड वर्षापासून लोंबकळत होता. त्याच आठवड्यात, २३ ऑक्टोबर २०१९ ला, त्या घटनापीठातून एका न्यायमूर्तींनी बाजूला व्हावं की नाही यावर दिल्लीत आदेशही झाला होता. माहिती माझ्या घरात होती. एका वहीत पुणे, दुसऱ्या वहीत इंदूर. दोघांची गाठ मीच घालून दिली नव्हती.

मग मुलाच्या शाळेसाठी आणलेली एक खातेवही घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. (संगणकावर करता आलं असतं, नंतर केलंही. पण तेव्हा घरातला एकुलता एक लॅपटॉप नवऱ्याच्या ऑफिसच्या कामात होता.) उजवं-डावं दोन्ही पानं मिळून एका ओळीत एक स्रोत. रकाने ठरवायला दोन दिवस गेले. शेवटी जे टिकले ते सांगते.

पहिला, अनुक्रमांक. साधा वाटतो, पण झेरॉक्सवर, वहीत आणि प्रकरणाच्या मसुद्यात तोच आकडा. मसुद्यात वाक्याशेजारी '१४' लिहिलं की चौदावा गठ्ठा उचलायचा, बस.

दुसरा, पूर्ण ओळख. निकाल असेल तर पक्षकार, तारीख, किती न्यायमूर्ती आणि मिळतील तेवढे सगळे संदर्भ-क्रमांक. हे 'सगळे' फार महत्त्वाचं. पुण्याचा निकाल (२०१४) ३ एससीसी १८३ असाही सापडतो आणि एआयआर २०१४ एससी ९८२ असाही. माझ्या जुन्या वहीत ते दोन वेगळे निकाल म्हणून नोंदलेले होते! एका लेखात एक आकडा, दुसऱ्यात दुसरा, आणि मी खुशाल लिहिलं होतं की सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका 'वारंवार' घेतली. तारीख आणि पक्षकार शेजारी लिहिले की असं जुळं लगेच ओळखू येतं. नवा निकाल तर तेव्हा कुठल्याच खंडात छापलेला नव्हता. त्याची नोंद मी विशेष अनुमती याचिका (दिवाणी) ९०३६-९०३८/२०१६ अशी केली आणि पुढे जागा कोरी ठेवली. नंतर तिथे (२०२०) ८ एससीसी १२९ भरलं. (२०२३ पासून सर्वोच्च न्यायालय निकालांना स्वतःचाच एक क्रमांक देतं, जुन्या निकालांनाही. त्यामुळे आता हा घोळ पुष्कळ कमी झालाय.) न्यायमूर्तींची संख्या का? कारण तिघांचा निकाल तिघांना सहज मोडता येत नाही, पाचांना येतो. हा आकडा मी आधीपासून लिहीत असते तर २०१८ ची '२:१' वाली ओळ वाचूनच थबकले असते.

तिसरा रकाना, 'पाहिलं की ऐकीव'. मूळ निकाल स्वतः वाचला असेल तर 'पा'. कोणाच्या लेखात त्याचा उल्लेख वाचला असेल तर 'ऐ', आणि कोणाच्या लेखातून ऐकलं त्याचा अनुक्रमांक. हा रकाना भरताना मला घाम फुटला. मी मसुद्यात एकोणीस निकालांचे दाखले दिले होते, त्यातले अकरा 'ऐ' निघाले. मूळ निकाल न बघता दुसऱ्याच्या तळटिपेतून उचललेले. त्यातल्या एकाचा पान क्रमांक तीन लेखांमध्ये सारखाच चुकलेला होता. एकाने चुकवला, दोघांनी उतरवून घेतला, चौथी मी! चुका सारख्या असल्या की नक्कल ओळखू येते, हे परीक्षेच्या पेपरांइतकंच लेखांनाही लागू आहे.

चौथा, 'शब्दशः' आणि 'माझ्या शब्दांत' अशी दोन वेगळी घरं. शब्दशः असेल तर अवतरणचिन्हं आणि परिच्छेद क्रमांक. पान क्रमांक नव्हे, परिच्छेद. कारण न्यायालयाच्या संकेतस्थळावरची प्रत आणि छापील खंड यांची पानं जुळत नाहीत, परिच्छेद बहुधा जुळतात. तरी कुठली प्रत पाहिली ते लिहायचंच. मनोहरलालचा निकाल तीनशेच्या वर पानांचा आहे. 'निकालात म्हटले आहे' असं लिहून वाचकाला त्या जंगलात सोडून देणं म्हणजे काही संदर्भ देणं नव्हे. निष्कर्ष ३६६ व्या परिच्छेदात एकत्र दिलेत, एवढं लिहिलं की माणूस पोचतो.

पाचवा रकाना सगळ्यात अरुंद आखला होता आणि सगळ्यात कामाचा ठरला. 'आधार.' हा लेखक हे कशाच्या जोरावर म्हणतो? कलमाच्या शब्दांवर, एखाद्या निकालावर, स्वतः गावात जाऊन पाहिलेल्यावर, की दुसऱ्या लेखकाच्या म्हणण्यावर? निकाल असेल तर त्याचा अनुक्रमांक.

आणि सहावा, 'पुढे काय झालं', शेजारी तपासल्याची तारीख. निकाल कायम आहे, वेगळा काढला गेला, शंका घेतली गेली, मोठ्या पीठाकडे गेला, रद्द झाला. तारीख नसेल तर या रकान्याला काही अर्थ नाही. 'कायम आहे' हे वाक्य फक्त त्या दिवसापुरतं खरं असतं.

खातेवही भरायला पाच आठवडे लागले. मग एका दुपारी मी फक्त 'आधार' रकाना वरून खाली वाचत गेले. तेवीसपैकी चौदा लेखांपुढे एकच आकडा होता, पुण्याचा. मॅडमच्या शेऱ्याचं उत्तर सहा महिन्यांनी मिळालं. माझे 'बहुसंख्य अभ्यासक' म्हणजे चौदा माणसं नव्हतीच, एकाच निकालाचे चौदा पडसाद होते. पान उलटून २०२० च्या पुढची पुस्तकं पाहिली (हे अर्थात नंतर, ग्रंथालय उघडल्यावर), तर मुखपृष्ठावर नवी आवृत्ती आणि आत जुनंच प्रकरण, असंही दिसलं. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला निकालांची यादी असते, तिथे मनोहरलाल आहे का ते पाहायचं. नसेल तर या कलमापुरती छपाईची तारीख विसरायची.

पण चौदाच्या चौदा फेकायचे नव्हते, हेही त्याच रकान्याने सांगितलं. चार लेखांचा आधार दुहेरी होता. निकालही होता, आणि गावांत जाऊन मोबदला वाटप कसं अडतं ते पाहिलेलंही होतं. वारसनोंद नाही, सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव, भावांचा वाद. त्यांचा कायदेशीर निष्कर्ष पडला, पण पाहिलेलं पडलं नाही. निकाल रद्द होतो, निरीक्षण रद्द होत नाही.

मग प्रकरण पुन्हा लिहिलं. आधी लेखकामागून लेखक असं होतं. आता प्रश्नामागून प्रश्न केले. मोठ्या कागदावर आडव्या ओळींत स्रोतांचे अनुक्रमांक आणि उभ्या रकान्यांत तीन प्रश्न: मोबदला 'दिला' म्हणजे काय, ताबा 'घेतला' म्हणजे काय, आणि उशिराचा भुर्दंड कोणावर. ज्या घरात स्रोत बोलतो तिथे टिंब. पहिला रकाना टिंबांनी गच्च भरला. दुसऱ्यात चार-पाच टिंबं. तिसऱ्यात दोन. म्हणजे सगळे कोषागार की कोर्ट यावर भांडत होते, आणि नव्या निकालाने ज्या कागदाला एवढं वजन दिलं तो पंचनामा शेतात कसा होतो, कोण सही करतं, नंतर त्या जमिनीत धान कोण लावतं, याकडे माझ्या गठ्ठ्यातलं जवळजवळ कोणीच पाहिलं नव्हतं. माझ्या लघुप्रबंधाचा प्रश्न मला त्या रिकाम्या जागेत सापडला. पिवळ्या मार्करने तो कधीच सापडला नसता.

राहिले मामाजी.

टाळेबंदी सैल झाल्यावर गेले. सगळं सांगितलं. ताब्याचा पंचनामा झालाय, म्हणून जमीन परत मिळणार नाही. मी दिवाळीत सांगितलं ते अर्धवट वाचून सांगितलं. ते काही बोलले नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, "मंग तो पैसा काऊन उचलू नको म्हटलं होतं, बाई?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधल्या काळात धाकट्या मामाने तडजोडीचा निरोप धाडला होता आणि माझ्या शब्दावर मामाजींनी तो फिरवला होता.

पण ३६६ व्या परिच्छेदाकडे माझी एक नोंद होती, परिच्छेद क्रमांकासकट. रक्कम नीट दिली किंवा जमा केली नसेल, तर संपादन संपत नाही, पण जुन्या कायद्याच्या कलम ३४ खालचं व्याज देता येतं. ताब्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के, त्यापुढे १५ टक्के. मी ते कागदावर लिहून वाचून दाखवलं. दोन्ही भावांना एका खाटेवर बसवून हिश्शाचा कागद करायला अजून दीड वर्ष गेलं. मग व्याजासकट रकमेचा अर्ज दिला. अर्ज करताना मी 'पुढे काय झालं' रकाना आधी उघडला, त्या दिवशी पुन्हा तपासला, आणि तारीख घातली. अर्ज अजून चालू आहे.

लघुप्रबंध झाला, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी खातेवही मागून पाहिली, मार्क बरे पडले. असो. खोका पुन्हा माळ्यावर टाकलाय. खातेवही मात्र खालीच ठेवली आहे. मामाजींच्या ओळीपुढचा शेवटचा रकाना अजून भरायचाय.